रेपो दर उतरला, पण तुमच्या कर्जाचे हप्ते किती उरले?

रिझर्व्ह बँकेने 5 डिसेंबर 2025 रोजी रेपो दर पाव टक्क्याने उतरवून 5.25 टक्क्यांवर आणला. अशी बातमी आली की नांदेडच्या सिडकोत राहणारे शिक्षक असोत की लातूरच्या गंजगोलाईतले दुकानदार, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आपला हप्ता किती कमी होणार? गृहकर्ज असलेल्या पुष्कळांसाठी याचे उत्तर ‘एक रुपयाही नाही’ असे आहे. बँक हप्ता तसाच ठेवते आणि मागे उरलेल्या हप्त्यांची संख्या बदलते. दर वाढतात तेव्हाही बहुधा हेच होते. खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम जाते, म्हणून आपण निर्धास्त असतो आणि कर्ज मात्र आत लांबत गेलेले असते.

बँकांना चार दिवसांसाठी पैसा कमी पडला की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसना घेतात. त्यावरचे व्याज म्हणजे रेपो दर. सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी तो ठरवते. किरकोळ महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के खाली किंवा वर राहावी, हे या समितीचे काम आहे. कोविडच्या काळात, मे 2020 मध्ये, हा दर 4 टक्क्यांवर आला होता. महागाई भडकल्यावर 4 मे 2022 रोजी समितीने ठरलेल्या बैठकीची वाटही न पाहता तो वाढवला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर गेला. तिथे तो दोन वर्षे थांबला. 2025 मध्ये चार वेळा कपात होऊन 5.25 झाला. म्हणजे जाताना अडीच टक्के चढला आणि उतरताना त्यातला निम्माच परत आला. ज्यांनी स्वस्ताईच्या काळात कर्ज घेतले, त्यांचे व्याज आजही घेतले तेव्हापेक्षा जास्तच आहे.

आता एक हिशेब सविस्तर पाहू. समजा, जिल्हा परिषदेच्या एका पस्तिशीतल्या शिक्षकाने 2022 च्या सुरुवातीला नांदेडच्या तरोडा भागात घर घेतले आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून 20 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी काढले. तेव्हाचा रेपो 4 टक्के, त्यावर बँकेचे मार्जिन 3 टक्के, म्हणून व्याज 7 टक्के आणि हप्ता 15,506 रुपये. वर्षभरात मुद्दल उरले 19 लाख 52 हजार. याच वर्षात रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, म्हणून व्याज झाले साडेनऊ टक्के. (मधली प्रत्येक वाढ धरली तर आकडे थोडे बदलतील. हिशेब सोपा राहावा म्हणून मी ते टप्पे सोडले आहेत.)

साडेनऊ टक्क्यांनी या मुद्दलावर महिन्याचे व्याजच 15,457 रुपये होते. हप्ता 15,506 चाच ठेवला तर त्यातले जेमतेम 50 रुपये मुद्दलात जातात. या गतीने कर्ज फिटायला साठ वर्षे लागतील. व्याज आणखी थोडे वाढले असते तर हप्ता भरूनही मुद्दल वाढत गेले असते. तसे होऊ द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे.

मग बँकेपुढे दोन वाटा उरतात. मुदत ठरल्याप्रमाणेच ठेवायची, म्हणजे उरलेले 228 हप्ते, तर हप्ता 18,525 रुपये होतो. किंवा मुदत दहा वर्षांनी वाढवायची, म्हणजे 348 हप्ते, तेव्हा हप्ता 16,519 रुपये होतो. दुसरी वाट गोड वाटते, कारण महिन्याला दोन हजार कमी जातात. पण बेरीज करून बघा. दर तसाच राहिला असे धरले तर पहिल्या वाटेने एकूण सव्वाबेचाळीस लाख जातात आणि दुसरीने साडेसत्तावन्न लाख. पंधरा लाखांचा फरक पडतो. शिवाय शिक्षकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि 348 हप्ते संपतात तेव्हा हे गृहस्थ पासष्टीत असतील. शेवटची सहा-सात वर्षे पेन्शनमधून हप्ता द्यायचा.

मुदत वाढवल्याचे पुष्कळांना कुणी सांगितलेच नव्हते. अशा तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये परिपत्रक काढले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडायचा हक्क त्याने कर्जदाराला दिला. बँकेच्या धोरणाप्रमाणे स्थिर व्याजदरावर जाण्याची संधीही द्यायची होती; ऑक्टोबर 2025 पासून ती देणे बँकेच्या मर्जीवर आहे. आणि दर तिमाहीला बँकेने असे विवरण द्यायचे, ज्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वर्षाचा व्याजदर दिसेल. ते मोबाईल ॲपवर असते, किंवा शाखेत मागता येते. मिळाल्यावर सगळ्यात आधी उरलेल्या हप्त्यांचा आकडा बघा. मंजुरीपत्रातली मुदत उणे भरलेले हप्ते, याच्याशी तो जुळतो का ते ताडा. तो जास्त असेल तर तुमचे कर्ज लांबवलेले आहे.

आपल्या शिक्षकाने समजा दुसरी वाट धरली आणि 16,519 रुपयांचे 36 हप्ते भरले. मुद्दल 19 लाख 8 हजारांवर आले. चार वर्षे हप्ते भरून मुद्दल फक्त 92 हजारांनी उतरले, यावर घरात कुणाचाही विश्वास बसत नाही, पण लांबलेल्या कर्जाचे असेच असते. आता रेपो 5.25, म्हणून व्याज सव्वाआठ टक्के. इथे पुन्हा निवड करायची आहे. हप्ता 16,519 चाच ठेवला तर उरलेले 312 हप्ते घटून 231 होतात. हप्ता कमी करून घेतला तर तो 14,874 होतो, पण 312 हप्ते तसेच राहतात. महिन्याला साडेसोळाशे रुपये वाचवायला एकूण सव्वाआठ लाख जास्त मोजावे लागतात. घरात दवाखाना किंवा मुलीच्या शिक्षणाची ओढाताण असेल तर हप्ता कमी करून घेण्यात चूक काही नाही. ओढाताण नसेल तर दर उतरल्यावर हप्त्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून परिणामकारक गोष्ट म्हणजे मधेच काही रक्कम मुद्दलात भरणे. महागाई भत्त्याचा फरक मिळाला, सोयाबीनचे पैसे आले, आणि त्यातले एक लाख कर्ज खात्यात टाकले, तर याच हिशेबात 231 चे 204 हप्ते राहतात. एका लाखाने 27 हप्ते, म्हणजे जवळपास साडेचार लाख रुपयांची देणी टळतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर यासाठी बँकेला दंड लावता येत नाही. रक्कम ‘मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी’ असे लेखी द्या. नुसते पैसे टाकले तर कधी ते पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहतात, तर कधी मुदतीऐवजी हप्ता कमी होतो.

हे सगळे मात्र रेपोशी जोडलेल्या कर्जाचे झाले. कालव्याचे पाणी जसे टेलच्या शेतापर्यंत उशिरा आणि कमी पोचते, तसे रेपोचेही आहे. तुमचे शेत कोणत्या चारीवर आहे, ते आधी कळायला हवे. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे, वैयक्तिक कर्जे आणि लहान उद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांत एकदा तरी त्यांचा दर बदलावा लागतो. मंजुरीपत्रावर आरएलएलआर किंवा ईबीएलआर लिहिलेले असेल तर तुम्ही पहिल्या चारीवर आहात. एमसीएलआर लिहिले असेल तर कर्ज बँकेच्या स्वतःच्या खर्चाच्या दराशी जोडलेले आहे. तो सावकाश हलतो आणि तुमच्या खात्यावर बहुधा वर्षातून एकदाच लागू होतो. बेस रेट लिहिलेले 2016 च्या आधीचे कर्ज अजून चालू असेल तर ते आजच बदलून घ्या. त्यासाठी शाखा थोडे शुल्क घेते, पण फरक बहुधा काही महिन्यांत भरून निघतो.

गृहवित्त कंपन्यांवर रेपोशी कर्ज जोडण्याचे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या मूळ दराप्रमाणे चालतो. वाढताना तो लगेच वाढतो, उतरताना तुम्ही विचारल्याशिवाय क्वचितच उतरतो. नव्या ग्राहकाला स्वस्त दर आणि जुन्याला महाग, हेही तिथे नित्याचेच. अशा वेळी आधी त्याच कंपनीत दर बदलून मागावा. नाही म्हटले तर कर्ज बँकेत हलवता येते. हलवताना प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वकिलाचा शोध अहवाल हा खर्च येतो, म्हणून अर्धा टक्का तरी फरक आणि दहाएक वर्षे शिल्लक असतील तरच या भानगडीत पडावे.

पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण, ट्रॅक्टर आणि दुचाकीचे कर्ज, बचत गटातून मिळालेले मायक्रोफायनान्सचे कर्ज यांचा दर घेताना ठरतो आणि बहुधा शेवटपर्यंत तोच राहतो. रेपो उतरला म्हणून त्यात काही फरक पडत नाही. पीक कर्जाची गोष्ट तर वेगळीच आहे. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीक कर्जावर 7 टक्के दर असतो, वेळेत फेडल्यास केंद्र सरकार 3 टक्क्यांची सवलत देते आणि उरलेल्याचा भार महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलते. मुदतीत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. त्यामुळे हातात पैसा आला की आधी गृहकर्ज कमी करावे की पीक कर्ज, हा प्रश्नच उरत नाही. पीक कर्ज फक्त तारीख न चुकवता फेडा आणि जास्तीचा पैसा सगळ्यात महाग कर्जाकडे वळवा. ते बहुधा खासगी सावकाराचे किंवा सोनेतारणाचे असते.

आता ठेवींकडे वळू. ज्यांच्याकडे कर्ज नाही आणि निवृत्तीचे पैसे बँकेत आहेत, त्यांच्यासाठी दर उतरणे ही वाईट बातमी असते, पण ती उशिरा पोचते. चालू मुदत ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. फटका बसतो तो नूतनीकरणाच्या दिवशी. 10 लाखांची ठेव साडेसात टक्क्यांनी असेल तर तिमाहीला 18,750 रुपये व्याज मिळते. तीच पावणेसात टक्क्यांनी पुन्हा ठेवली तर 16,875. महिन्याला सव्वासहाशे रुपये कमी झाले, म्हणजे घरातला गॅस सिलिंडर किंवा औषधांचा थोडासा भाग गेला. ‘आपोआप नूतनीकरण’ असे लिहून दिले असेल तर हे कळतही नाही, आणि ठेव एकदा नव्या दराने बांधली गेली की मधेच मोडल्यास दंड बसतो. म्हणून मुदतपूर्तीची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी शाखेत जा. बचत खात्यात मोठी रक्कम पडून असेल तर तिकडेही बघा. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून 2025 मध्ये अडीच टक्क्यांवर आला.

पोस्टाच्या योजनांचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला ठरवते आणि रेपोशी त्यांची सांगड सैल आहे. 2025 मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, पण पोस्टाचे दर जिथे होते तिथेच राहिले. साठ वर्षांवरील नागरिकांच्या बचत योजनेवर 8.2 टक्के, म्हणजे त्याच 10 लाखांवर तिमाहीला 20,500 रुपये. मर्यादा 30 लाखांची, मुदत पाच वर्षांची. घेताना जो दर असतो तोच पाच वर्षे टिकतो. दर उतरत्या काळात त्याचे मोल जास्त, आणि नांदेड-लातूरच्या निवृत्तांनी बँकेच्या ठेवीचे नूतनीकरण करण्याआधी मुख्य टपाल कार्यालयात एक फेरी मारलीच पाहिजे.

बँकेचे दर उतरले की लोक एक धोक्याचे पाऊल टाकतात. दहा-बारा टक्के देणाऱ्या पतसंस्थेकडे किंवा मल्टिस्टेटकडे पैसे हलवतात. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. हे कवच नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. 2023 आणि 2024 मध्ये बीड आणि छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या पतसंस्थांचे व्यवहार ठप्प झाले, तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. जास्त व्याजाच्या मोहात मुद्दल गमावणाऱ्यांत शिकलेली माणसेही होती.

उरला महागाईचा प्रश्न. दर वाढले की किराणा स्वस्त का होत नाही, हा प्रश्न लातूरकरांना तरी अवघड वाटू नये, कारण तूर आणि सोयाबीन हे त्यांचे रोजचे हिशेब आहेत. 2022 च्या एप्रिलमध्ये देशातली किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. त्यात खाद्यतेलाचा वाटा मोठा होता. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्याने सूर्यफूल तेल थांबले होते आणि इंडोनेशियाने एप्रिलच्या शेवटी पाम तेलाची निर्यात बंद केली होती. रिझर्व्ह बँकेने दर वाढवून इंडोनेशियातले पाम तेल मुंबईच्या बंदरावर येत नाही. पुढे इंडोनेशियाने बंदी उठवली आणि मग तेल उतरले. तुरीचेही तेच. पाऊस हुकला किंवा मर रोग आला की डाळ चढते, आयात वाढली की उतरते.

मग दर वाढवून काय साधते? व्याज महाग झाले की लोक नवी गाडी, नवा फ्लॅट, नवे दुकान पुढे ढकलतात, आणि मागणी मंदावली की त्या वस्तूंचे भाव स्थिरावतात. भाड्याने देण्याच्या खोल्या, फर्निचर, कपडे, सेवा यांवर हा परिणाम दिसतो, पण अनेक महिन्यांनी. बाजारपेठेतही तो शिरतो. लातूरच्या एखाद्या डाळमिलला 50 लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट मर्यादा, आहे असे धरा. ती पूर्ण वापरली तर दर अडीच टक्क्यांनी वाढल्यावर वर्षाला सव्वा लाख व्याज जास्त जाते. माल गोदामात धरून ठेवणे महाग होते, आणि धरलेला माल बाजारात लवकर येतो. अन्नधान्याच्या भावावर रेपोचा परिणाम होतो तो असा आडवाटेने.

शेतकऱ्याला हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. सुगीत भाव पडलेले असतात तेव्हा माल धरायचा असेल तर बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वार्षिक 6 टक्क्यांनी मिळते. रेपोच्या चढउताराशी तिचा संबंध नाही. 4,300 रुपये क्विंटलच्या सोयाबीनवर 3,225 रुपये मिळतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते 97 रुपये. सहा महिन्यांत भाव दीडशे-दोनशेने वाढेल अशी खात्री असेल आणि मालातली आर्द्रता कमी झालेली असेल तरच हे परवडते, कारण वजनातली घट व्याजाहून जास्त खाते.

आता तुमच्या गृहकर्जाकडे परत. शाखेत जाऊन तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढेच लिहा: ‘माझ्या कर्ज खात्याचा सध्याचा व्याजदर, तो कोणत्या मानकाशी जोडला आहे, त्यावरचे मार्जिन, दर बदलण्याची पुढची तारीख आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या लेखी कळवावी. दर कमी झाल्यावर माझा हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी.’ नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी मार्जिन मिळत असेल तर त्याच अर्जात तेही मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर 14448 या क्रमांकावर माहिती घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही.